चौकटीची स्लाइड: आधी रेघ ठरवा

मेहनत आणि परिणाम यांनुसार कामं चार खणांत मांडणारी तुमची स्लाइड पाहिली. नऊपैकी सात कामं 'कमी मेहनत, जास्त परिणाम' या एकाच खणात बसली आहेत. पहिल्यांदा हे सगळ्यांचंच होतं, कारण 'कमी' आणि 'जास्त' यांच्या मधली रेघ कशावर आहे हे कुणी ठरवलेलंच नसतं.

आधी कागदावर प्रत्येक कामाची मेहनत माणूस-दिवसांत लिहा, म्हणजे एका माणसाला किती दिवस लागतील ते. समजा सोसायटीची कामं आहेत: जिन्यातले दिवे बदलणं १, पार्किंगचे नंबर रंगवणं २, टाकीची गळती ४, लिफ्टची दुरुस्ती १०, सोलर पॅनल २५. क्रमाने लावल्यावर मधलं काम गळतीचं, म्हणून उभी रेघ ४ वर. आता दोन कामं डावीकडे, दोन उजवीकडे जातील आणि गळती रेघेवरच राहील. तिच्यावर वाद होऊ द्या, तोच कामाचा असतो. परिणामासाठी 'किती घरांना फरक पडेल' हा एकच प्रश्न धरून आडवी रेघही अशीच ठरवा.

मग स्लाइड. ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटरच्या रुंद पानावर डावीकडे १४ सेंटिमीटरचा चौकोन काढा. मेहनत आडवी, उजवीकडे वाढणारी. परिणाम उभा, वर वाढणारा. बाणांच्या टोकांना 'कमी' आणि 'जास्त' लिहाच, नाहीतर अर्धे लोक उलटं वाचतात. चौकोनात फक्त क्रमांक घातलेले ठिपके ठेवा, कामांची नावं उजवीकडच्या यादीत. नावं आत कोंबली की ती एकमेकांवर चढतात, आणि जागा करायला तुम्ही ठिपका सरकवता. सरकवला की त्याची किंमतच बदलली!