द्विपार्श्व बलतूट : ही तूट नेमकी कशातली?

प्रश्न : व्यायामाविषयीच्या एका लेखात ‘बायलॅटरल डेफिसिट’ वाचले. दोन्ही पायांनी एकदम जोर लावला की एकेका पायाचा जोर कमी भरतो म्हणे. याला मराठीत काय म्हणावे आणि असे का होते?

उत्तर : ‘द्विपार्श्व बलतूट’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘द्विपाद’ सोपा आहे, पण हेच मापन हाताच्या पकडीचेही करतात. ‘कमजोरी’ मात्र टाळावे, कारण येथे स्नायूत काहीच उणे नसते. अंदाजपत्रकातल्या तुटीसारखी ही दोन आकड्यांमधली तफावत असते.

समजा, लेग प्रेसची फळी जागच्या जागी घट्ट धरून ठेवली आणि एकट्या उजव्या पायाने ८० किलोंचा, एकट्या डाव्याने ७६ किलोंचा दाब दिला, तर बेरीज १५६ होते. दोन्ही पायांनी मिळून १४० भरले, तर १४० भागिले १५६ म्हणजे सुमारे ८९.७ टक्के, अर्थात तूट १०.३ टक्के. एका पायाच्या मानाने एकूण जोर वाढलेलाच आहे. घटला आहे तो प्रत्येक पायाचा वाटा.

कारण मात्र या शब्दात सांगितलेले नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. उडीचे उदाहरण घेतल्यास मुख्य कारण वेगाचे असते. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बळ कमी पडते. ७० किलो वजनाचा माणूस दोन पायांवर उडतो तेव्हा एकेका पायाच्या वाट्याला ३५ किलोच येतात, त्यामुळे पाय झपाट्याने सरळ होतो आणि त्याच वेगापायी त्याचे बळ घटते. शिवाय एका पायावर उभ्या असलेल्याचा पाय सगळे वजन पेलत असल्याने त्याचे स्नायू उडीपूर्वीच अधिक ताणात असतात.

फळी हलतच नसेल तर वेगाचा प्रश्न उरत नाही. तरीही तूट दिसली, तर मेंदूचे दोन्ही गोलार्ध एकाच वेळी आज्ञा देताना परस्परांना थोडे आवरतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते संभाव्य आहे, पण स्नायूंच्या विद्युत्-नोंदींत त्याचा पुरावा दर वेळी मिळत नाही. एक तिसरी, निव्वळ मापनातली चूकही असते: एका पायाने दाबताना माणूस दुसरा पाय जमिनीला रोवतो, कंबर तिरपी करतो आणि तेवढा जोर एकट्या पायाच्या खात्यात जमा होतो. बैठकीवरून एका बाजूचा कुल्ला उचलला गेला, तर ती नोंद बाद धरावी.

ही तूट सर्वांत सारखी नसते. हॉवर्ड आणि एनोका यांच्या १९९१च्या अभ्यासात सराव नसलेल्यांत ती आढळली, तर नेहमी दोन्ही पायांनी एकदम जोर लावणाऱ्या भारोत्तोलकांत दोन्ही पायांचे बळ सुट्या बळांच्या बेरजेहून जास्त भरले. त्या उलट स्थितीला ‘द्विपार्श्व बलवाढ’ म्हणता येईल.