मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन किती?

प्रश्न: सोलापुरात सात वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करते. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या ज्युरीला पहिल्यांदाच बाहेरची परीक्षक म्हणून जातेय. विषय आहे विडी कामगार कुटुंबांसाठी २४ घरं. साइट अ‍ॅनालिसिस, सस्टेनेबिलिटी आणि राहणारी माणसं यावर नेमकं काय विचारू? 'तुझी कन्सेप्ट काय' सोडून.

उत्तर:

मी बरीच वर्षं ज्युरीला जातोय. एका मुलाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, त्यात तीन-चार प्रश्न नीट विचारून होतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "११ मेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, तुझ्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन किती?"

बहुतेक मुलं म्हणतात, "खूप." कारण शीटवर दक्षिणेला लाल बाण असतो आणि तो उत्तरेकडच्या देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून आलेला असतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ११ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तिथपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातूनच जातो. म्हणजे आपल्या सगळ्यात कडक महिन्याच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. तापतात त्या गच्ची आणि पश्चिमेची भिंत.

हे कळल्यावर छज्जाचं गणित विचारा. खिडकी १.२ मीटर उंच धरा. २१ मार्चला दुपारी सूर्य ७२ अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेला साधारण ४० सेंटीमीटरचा छज्जा पुरतो. तीच खिडकी पश्चिमेला असेल, तर मेमध्ये दुपारी साडेचारला सूर्य ३१-३२ अंशांपर्यंत उतरलेला असतो. तिथे पूर्ण सावली पाहिजे तर छज्जा सुमारे १.९ मीटर काढावा लागेल, जो कोणीच काढत नाही. म्हणून विचारा: "चारही बाजूंना छज्जा सारखाच का?" मुलगी पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम किंवा उभी जाळी आणण्याचा विचार करायला लागली, की साइट अ‍ॅनालिसिस प्लॅनमध्ये उतरलं म्हणायचं. (मी स्वतः पहिल्या बंगल्याला पश्चिमेच्या बेडरूमवर ४५ सेंटीमीटरचा छज्जा दिला होता. मालक अजून भेटले की पडद्यांचा विषय काढतात.)

साइटवर खरंच गेलेत का, हे ओळखायला फोटो बघा. सगळ्या फोटोंत सावल्या एकाच बाजूला आणि एकाच लांबीच्या असतील, तर मंडळी एकदाच, एकाच वेळी जाऊन आली आहेत. मग विचारा, "संध्याकाळी पाचला तिथे कोण बसलेलं होतं आणि कुठे?" आणखी एक छोटा प्रश्न: "मुरूम किती फुटांवर लागला?" आपल्याकडे काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. त्यात पायाला लागून पाणी मुरवायचा खड्डा काढलेला असेल, तर तिथे जरूर थांबा.

आता राहणाऱ्यांकडे. इथे मुलं सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात कमी बघतात. गेल्या एका ज्युरीत एका मुलीचा प्रोजेक्ट याच विषयावर होता. प्लॅन देखणा होता, प्रत्येक घरापुढे छोटा ओटा. मी विचारलं, "सूप कुठे?" तिला कळेना. विड्या वळणारी बाई जमिनीवर बसते. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. घरकाम आवरलं की तासन्‌तास हेच चालतं. तिच्या खिडकीची सिल होती ९० सेंटीमीटरवर. मी तिला म्हटलं, "बेटा, शीटसमोर खाली बस आणि टेपने डोळ्यांची उंची मोज." ७२ सेंटीमीटर भरली. म्हणजे खिडकी डोळ्यांच्याही वर. वळणारीला आकाश दिसतं, पण मांडीवर उजेड नीट पोचत नाही. मग ती उजेडासाठी दाराच्या उंबऱ्यात बसणार आणि येणारा-जाणारा तिला ओलांडून जाणार.

सिल ४५ वर आणली तर? ती लगेच म्हणाली, "सर, मग वारापण खेळेल." इथेच दुसरा प्रश्न येतो. सुपाच्या उंचीवर वारा आला की तंबाखू उडते, पानं वाळून कडक होतात आणि वळताना फाटतात. पुस्तकातलं आरपार वायुवीजन इथे बाईच्या कामावर उठतं. पण वारा बंद केला तर तंबाखूची धूळ त्याच खोलीत राहते, जिथे पोरं झोपतात आणि बहुतेक वेळा स्वयंपाकही होतो. तिने तिथल्या तिथे पेन्सिलने काढलं: खालचा भाग काचेचा आणि न उघडणारा, वर उघडणारी झडप, समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका. उजेड खालून, वारा डोक्यावरून. मला ते पटलं. धूळ पूर्ण जाणार नाही, म्हणून काम ओट्यावर सरकवता येईल का हेही बोललो. पण तिचा ओटा पश्चिमेला होता, आणि आम्ही परत साडेचारच्या उन्हाशी येऊन थांबलो.

एक विसरू नका: "कोणाशी बोललात आणि कोणत्या भाषेत?" आपल्या विडी कामगार कुटुंबांत घरात तेलुगू बोलणारी खूप आहेत. मराठीत प्रश्नावली भरून घेतली असेल, तर उत्तरं बहुतेक शाळेत जाणाऱ्या पोरांनी दिलेली असतात, वळणाऱ्या बाईने नाही.

सस्टेनेबिलिटीवर मी एकच आकडा मागतो, पाण्याचा. शीटवर निळा थेंब आणि 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' लिहिलेलं असतंच. म्हणावं, गुणाकार कर. गच्ची ४० चौरस मीटर, पाऊस गृहीत धर ६०० मिलिमीटर, वाया जाणारं सोडून ८० टक्के. १९,२०० लिटर झाले. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ६७५. वर्षभराचं पाणी २८ दिवसांत संपलं, आणि तेही पावसाळ्यातच आलेलं. मग ते साठवायचं का मुरवायचं, आणि वापरायचं कशाला, हे त्याने ठरवलं पाहिजे. त्याहून मोठा प्रश्न नळाचा. शहरात कित्येक भागांत पाणी रोज येत नाही, समजा पाच दिवसांनी येतं. पाच दिवसांचे ३,३७५ लिटर कुठे ठेवणार? शीटवर ५०० लिटरची टाकी असेल, तर उरलेलं पाणी पिंपांत जाणार आणि पिंपं त्या ओट्यावर, जिथे बाईने बसायचं होतं. हौद जमिनीखाली घेतला तर पंपाची वीज आणि काळ्या मातीत गळती, दोन्हीचं उत्तर हवं.

गच्चीवर सोलर पॅनेल, हिरवळ आणि पांढरा चायना मोझेक असं सगळं एकदम दाखवलं असेल, तर फक्त इतकंच विचारा: "मे महिन्यात हे लोक रात्री झोपणार कुठे, आणि कुरडया कुठे वाळत घालणार?"