रेफरन्स कॉलनंतर रिक्रूटरला काय लिहावं?

माझ्या जुन्या टीममधल्या एकीसाठी रिक्रूटरचा फोन येऊन गेला. आता तिच्या बाजूने चार ओळी लेखी पाठवायच्यात. काय लिहू?

फोनवर रिक्रूटरने कोणता प्रश्न पुन्हा फिरवून विचारला, ते आठवा. त्याची शंका तिथेच आहे, तेव्हा मेल त्याच मुद्द्यावर लिहा. हा मेल पुढे हायरिंग मॅनेजरकडे जाऊ शकतो, म्हणून फोन न ऐकलेल्यालाही कळायला हवा. समजा, शंका ‘ती एकटीने काम पेलेल का’ अशी होती:

“नमस्कार, आजच्या बोलण्याला जोडून स्नेहाबद्दल लिहितोय. ती दोन वर्षं थेट मला रिपोर्ट करत होती. बिलिंग सिस्टिम बदलताना मी रजेवर होतो. जुन्या-नव्या आकड्यांत फरक दिसताच तिने काम थांबवलं, ग्राहकांना उशीर होईल असं कळवलं आणि कारण सापडल्यावरच पुढे गेली. मोठ्या मीटिंगमध्ये ती कमी बोलते, लेखी मात्र नेमकं मांडते. संधी मिळाली तर मी तिला पुन्हा टीममध्ये घेईन.”

मीटिंगबद्दलचं वाक्य गाळायचा मोह होईल. पण फोनवर सांगितलेली उणीव मेलमध्ये गायब झाली, तर बाकीच्या कौतुकावरचाही विश्वास उडतो. ‘पुन्हा घेईन’ हे मात्र मनापासून असेल तरच लिहा; रिक्रूटरसाठी ते वाक्य महत्त्वाचं असतं.

पगार, आजारपण, घरच्या अडचणी यांचा उल्लेख नको. आणि काही कंपन्या फक्त पद व तारखा सांगू देतात, त्यामुळे ऑफिसच्या मेलवरून पाठवण्याआधी एचआरला विचारा.