निरोपाच्या पत्रात ‘ज्ञात-अज्ञात’ कोणी नको

प्रश्न: पुढच्या महिन्यात शिक्षक म्हणून निवृत्त होतोय. विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना निरोपाचं पत्र लिहायचं आहे. मनापासूनचं वाटावं, पण पदाची शिस्तही राहावी. कसं लिहू? नमुना मिळेल का?

नमुना देत नाही. नमुन्यातून उतरवलेलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं. ‘प्रदीर्घ सेवेनंतर’ म्हणून सुरू होतं आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे ऋण’ इथे संपतं. त्यात आभार सगळ्यांचे असतात, पण ते आपल्यासाठी आहेत असं कोणालाच वाटत नाही.

मी गणित शिकवायचे. निवृत्तीच्या आधी पत्र लिहिलं आणि रीतीप्रमाणे आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांनी लाल पेन काढला (माझ्याच पत्रावर!) आणि एक परिच्छेद पूर्ण खोडला. मूळ परिच्छेद असा होता:

‘तुमच्यापैकी एकाने भूमितीच्या पेपरात सिद्धता अर्धी सोडली होती. खाली लिहिलं होतं: बाई, इथून पुढे मला दिसत नाही. तोवर मी अर्धवट उत्तराला फुली मारून पुढे जायचे. त्या दिवसापासून प्रत्येक वर्गाला सांगू लागले, जिथे अडलात ती ओळ लिहा, मी तिथूनच शिकवायला सुरुवात करीन. ही पद्धत मला तुमच्यातल्या एकाने दिली. त्याला ती आठवत असेल किंवा नसेल.’

सरांचं म्हणणं, हे फार वैयक्तिक आहे, शिवाय एकाचाच उल्लेख केला तर बाकीच्यांना वाईट वाटेल. त्याजागी त्यांनी सुचवलं, ‘विद्यार्थ्यांकडूनही मला खूप काही शिकायला मिळाले.’ आता ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. दुसरं कोणताही शिक्षक कोणत्याही शाळेत लिहू शकतो. पहिल्यात मुलाचं नाव नाही, वर्ष नाही, गुण नाहीत, म्हणजे त्याची कुठेच अडचण होत नाही. तरी ज्याचं आहे त्याला कळतं, आणि बाकीच्यांना बाई पेपर खरंच वाचायच्या हे कळतं. पदाची शिस्त म्हणतात ती हीच. भावना किती दाखवली याच्याशी तिचा संबंध नाही. कोणाचं खासगी उघडं पडलं नाही ना आणि कोणाला टोमणा बसला नाही ना, एवढंच बघायचं. मी तो परिच्छेद ठेवला. सर आजही भेटले की तो विषय काढतात, म्हणून इथे एवढं लिहितेय.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर पत्रं दोन करा. मुलांचं पत्र वर्गात मोठ्याने वाचलं जाणार, म्हणून ते एका पानात संपावं आणि वाक्यं एका दमात वाचता यावीत. स्वतः मोठ्याने वाचून बघा. जिथे आवाज अडखळतो किंवा भरून येतो ते वाक्य लहान करा. त्यांचा वर्ग पुढे कोण घेणार हे ठरलं असेल तर एका ओळीत सांगा, कारण मुलांना खरी काळजी त्याची असते. ‘कधीही फोन करा’ मात्र लिहू नका. शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठवा म्हणावं.

सहकाऱ्यांच्या पत्रात उलट करा, तिथे नावं घ्या आणि प्रत्येक नावापुढे काम लिहा. ‘सहकार्याबद्दल आभार’ नको. माझ्या आईच्या आजारपणात माझे तास न सांगता स्वतःकडे घेणाऱ्या बाईंबद्दल मी तसंच लिहिलं होतं, आणि दरवर्षी वेळापत्रकातली माझी भांडणं मिटवणाऱ्या लिपिकांबद्दलही. लिपिक आणि शिपाई यांना ‘शिक्षकेतर कर्मचारी’ या एका शब्दात उरकायचं आणि पदाधिकाऱ्यांना नावानिशी पाच ओळी द्यायच्या, हे मला पटत नाही. सरांना नेमकं तेच हवं होतं.

एक मात्र आहे. शिक्षकवर्ग मोठा असेल तर नावांची यादी लांबते आणि एखादं सुटतंच. मग नावं टाळून फक्त प्रसंग लिहा, मुलांच्या पत्रासारखे. आणि मनात कोणाबद्दल कडवटपणा शिल्लक असेल तर ते पत्र काही दिवस तसंच पडू द्या. पुन्हा वाचताना ‘काहींनी साथ दिली नाही, तरीही’ छापाचं वाक्य सापडेल, ते काढा. मुख्याध्यापकांना आधी दाखवायचं की नाही, ते तुमच्या शाळेच्या रीतीवर.

राहिलेल्या उत्तरपत्रिका, कपाटाच्या किल्ल्या, वह्यांचे गठ्ठे यांचा हिशेब वेगळ्या कागदावर द्या. आमच्याकडे एकांनी तो निरोपाच्या पत्रातच घातला होता, आणि समारंभात सगळी चर्चा कपाटाच्या दुसऱ्या किल्लीवर झाली.