पाळीच्या आधी जबड्यावर येणारे फोड

प्रश्न: वय ३२, राहणार खानापूर. दर महिन्याला पाळीच्या आठवडाभर आधी जबड्याच्या कडेला दुखरे फोड येतात. लिंबू-बेसन लावलं की चेहरा आणखी भडकतो. काय लावू?

उत्तर: लिंबू आजच बंद करा. हे फोड चेहरा अस्वच्छ राहिल्यामुळे येत नाहीत. पाळीआधी हार्मोन्स बदलतात, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि छिद्रं आतून बुजतात. वरून घासलं की त्वचा सोलवटते, फोड मात्र तिथेच राहतो.

सकाळ-संध्याकाळ सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशने चेहरा धुवा. टॉवेलने टिपा, रगडू नका. वर 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारं असं लिहिलेलं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. रात्री चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर ०.१ टक्के अ‍ॅडापॅलिन जेल, वाटाण्याएवढं, फक्त फोडावर नव्हे तर जबड्याच्या सगळ्या पट्ट्यावर पातळ पसरून. सुरुवातीला एक रात्र आड लावा. जळजळ, पापुद्रे दिसले तर आणखी अंतर ठेवा. पाळीची वाट न पाहता सलग चालू ठेवायचं, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे जेल नको.

मेडिकलमधून 'गोरं करणारी' ट्यूब कुणी सुचवली तर घेऊ नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं: चार दिवस चेहरा छान दिसतो, मग पुरळ दुप्पट.

पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या हार्मोन्सच्या बिघाडाची तपासणी करा. बेळगावात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून न्या.