‘लोकर पुढे’ की ‘लोकर पुढून’?

आईच्या पेटीत एका जुन्या इंग्रजी मासिकातलं मफलरचं पान सापडलं, त्याच्या फोटोवरून विणतेय. यातले संक्षेप उलगडून कुणी पायरीपायरीनं मराठीत सांगेल का? `yfwd` म्हणजे ‘लोकर पुढे’ असं कळलं, तसंच केलं, पण तिसऱ्या ओळीनंतर ४० टाक्यांचे २८च उरतात. फोटोत एवढं वाचता येतं:

```
With No. 8 needles cast on 40 sts.
1st row (RS): K.
2nd row: K2, P to last 2 sts, K2.
3rd row: K2, *(K2tog) 3 times, (yfwd, K1) 6 times,
  (K2tog) 3 times; rep from * to last 2 sts, K2.
4th row: K.
Rep these 4 rows for 60 in. Cast off loosely.
```

तुम्ही २८ हा आकडा दिलात हे फार बरं केलंत, कारण चूक कुठे आहे ते त्यातच दिसतं. ४० मधले १२ टाके गेले. तिसऱ्या ओळीत `yfwd` बरोबर बारा वेळा येतं: कंसात सहा वेळा, आणि चांदणीपासूनचा भाग तुमच्या ४० टाक्यांत दोनदा बसतो. म्हणजे टाके कमी करण्याचं काम तुम्ही अचूक केलंत आणि वाढवण्याचं एकदाही झालं नाही. तुमचा हात बरोबर चाललाय, ‘लोकर पुढे’ या दोन शब्दांनी घात केलाय.

सुलट विणताना लोकर कामाच्या मागे असते. ‘लोकर पुढे’ वाचल्यावर आपण दोन सुयांच्या मधून ती पुढे आणतो. इथपर्यंत ठीक. पण पुढचा टाका सुलट आहे आणि सुलट टाका मागच्या लोकरीनं विणायचा ही सवय हातात इतकी मुरलेली असते की आपण नकळत ती लोकर पुन्हा दोन सुयांच्या मधूनच मागे नेतो आणि मग विणतो. लोकर गेली तशी परत आली, सुईवर काहीच पडलं नाही. टाका वाढणार कुठून?

खरी कृती अशी आहे. दोन सुयांच्या मधून लोकर पुढे आणा आणि तिथेच राहू द्या. लोकर पुढे असतानाच उजवी सुई पुढच्या टाक्यात सुलट टाक्यासाठी घालतो तशी घाला. आता विणायला लोकर मागे न्यावीच लागेल, तर ती उजव्या सुईच्या वरून मागे न्या आणि नेहमीसारखा सुलट टाका काढा. सुईकडे नीट पाहा: नव्या टाक्याच्या उजव्या हाताला लोकरीचा एक तिरका वेढा सुईवर पडलेला दिसेल, त्याच्याखाली गाठ नसेल. तो वेढा हाच वाढलेला टाका. पुढच्या ओळीत तो इतर टाक्यांसारखा विणला की त्याच्याखाली भोक राहतं, आणि तीच जाळी.

म्हणून मी याचं मराठी ‘लोकर पुढून घेऊन’ असं करते. ‘पुढे’ म्हटलं की लोकर कुठे ठेवायची एवढंच कळतं. ‘पुढून’ म्हटलं की ती कुठून कुठे जाणार आहे तेही कळतं, आणि पुढचा टाका त्याच वाक्यात घ्यावा लागतो: ‘लोकर पुढून घेऊन १ सुलट’. मूळ पानातही `yfwd` नंतरच्या स्वल्पविरामानं फसायला होतं. वाटतं की ही वेगळी पायरी आहे, ती करून संपवायची आणि मग सुलट विणायचं. प्रत्यक्षात दोन्ही मिळून एकच हालचाल आहे.

‘लोकर पुढे’ हे शब्द अगदी शब्दशः खरे असतात अशाही जागा आहेत. टाका न विणता नुसता उचलायचा असेल तेव्हा काही नमुने लोकर पुढे आणायला सांगतात, टाका उचलायला सांगतात आणि मग लोकर मागे न्यायला स्वतंत्रपणे सांगतात. तिथे वेढा पडायचाच नसतो. त्यामुळे पुढे काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय या संक्षेपाचा अर्थ ठरवू नये. लोकर परत मागे न्यायची सूचना असेल तर ‘लोकर पुढे’, थेट सुलट टाका असेल तर ‘लोकर पुढून’.

त्याच पेटीत आणखी पानं निघाली तर ब्रिटिश नमुन्यांत `yrn` आणि `yon` हेही भेटतील. परिणाम तिन्हींचा एकच, जाळीचा एक वेढा. फरक शेजारच्या टाक्यांचा आहे: दोन सुलट टाक्यांच्या मध्ये `yfwd`, पुढचा टाका उलट असेल तर `yrn`, आणि आधीचा उलट व पुढचा सुलट असेल तर `yon`. अमेरिकन नमुन्यांत या सगळ्यांना मिळून `yo` लिहितात. `M1` मात्र जपून वाचा. जुन्या नमुन्यांत तो याच वेढ्यासाठी वापरलेला सापडतो, आज त्याचा अर्थ दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पिळून विणणे असा होतो आणि त्यात भोक पडत नाही.

आता दुसरा शब्द, जो मराठीत आपणच अवघड करून ठेवलाय. आपण टाक्यालाही ‘सुलट’ म्हणतो आणि कापडाच्या चांगल्या बाजूलाही ‘सुलट बाजू’. तुमची चौथी ओळ अशा भाषेत लिहिली तर ‘उलट बाजूने सर्व सुलट’ अशी होते, आणि वाचणारी बाई थांबून विचार करते की छापताना चूक तर झाली नाही ना. म्हणून `RS` ला मी ‘दर्शनी बाजू’ म्हणते, तिच्या विरुद्ध ती ‘मागची बाजू’. सुलट-उलट हे शब्द टाक्यांपुरते ठेवले की गोंधळ उरत नाही. तसंच ‘पहिली सुई, दुसरी सुई’ असं म्हणायची पद्धत आहे, पण लेखी सूचनेत ‘ओळ’ बरी, कारण सुईचा नंबरही त्याच कागदावर असतो.

नंबरावरूनच आठवलं. या पानावरची ८ नंबरची सुई म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडे सुयांना जे नंबर देतात ते याच जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं आहे, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. तुमचं पान ब्रिटिश आहे हे दोन खुणांवरून कळतं: एक `yfwd`, आणि दुसरी म्हणजे टाके बंद करायला ‘कास्ट ऑफ’ लिहिलंय. अमेरिकन पानावर ‘बाइंड ऑफ’ असतं.

`K2` आणि `K2tog` हेही डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. पहिल्यात दोन टाके, एकामागून एक, वेगवेगळे सुलट विणायचे. दुसऱ्यात उजवी सुई एकदम दोन टाक्यांत घालून दोघांचा मिळून एक सुलट टाका काढायचा. ‘दोन सुलट एकत्र’पेक्षा ‘दोनांचा एक, सुलट’ लिहिलं तर घाईतही चूक होत नाही.

आता सगळं पान मराठीत:

८ नंबरच्या (४ मिलिमीटर) सुयांवर ४० टाके घाला.

पहिली ओळ, दर्शनी बाजू: सर्व टाके सुलट.

दुसरी ओळ, मागची बाजू: २ सुलट, मग शेवटचे २ टाके उरेपर्यंत सर्व उलट, शेवटी २ सुलट.

तिसरी ओळ, दर्शनी बाजू: सुरुवातीला काठाचे २ सुलट. आता ‘दोनांचा एक, सुलट’ असं तीनदा. मग ‘लोकर पुढून घेऊन १ सुलट’ असं सहा वेळा. मग पुन्हा ‘दोनांचा एक, सुलट’ तीनदा. इथे चांदणीपासूनचा एक भाग पुरा झाला, त्यात डाव्या सुईवरचे १८ टाके संपले आणि उजव्या सुईवर १८च आले. हाच भाग आणखी एकदा विणा. शेवटी काठाचे २ सुलट.

चौथी ओळ, मागची बाजू: सर्व टाके सुलट. तिसऱ्या ओळीतले वेढेही टाके समजून विणायचे, एकही गळू द्यायचा नाही. मागून सुलट विणल्यामुळे दर्शनी बाजूला एक उठावदार आडवी रेघ येते. ती हवीच आहे, चूक समजून उसवू नका.

या चार ओळी ६० इंच, म्हणजे साधारण दीड मीटर लांबी होईपर्यंत करत राहा. चौथ्या ओळीवर थांबून सैल हातानं टाके बंद करा.

तिसरी ओळ पहिल्यांदा विणाल तेव्हा उजव्या सुईवरचे टाके मोजत चला. पहिले तीन ‘दोनांचा एक’ झाले की तिथे ५ टाके हवेत, काठाचे दोन धरून. सहा वेळा लोकर पुढून घेतल्यावर १७. पुढच्या तीन जोड्यांनंतर २०. दुसऱ्या भागानंतर ३८, आणि काठासकट ४०. सगळ्यात उपयोगाचा आकडा १७चा. तिथे ११ आले तर वेढे पडलेच नाहीत, आणि १६ किंवा १५ आले तर एखाददुसराच निसटलाय. तेवढंच उसवायचं, सगळी ओळ उसवायला नको. काठाचे दोन टाके सोडून पुढे १८ टाक्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं एक वळं सुईवर घालून ठेवलंत तर दोन भागांची सीमाही डोळ्यांसमोर राहील. त्या सीमेवर ‘दोनांचा एक’ ओळीनं सहा वेळा येतो, आधीच्या भागाचे तीन आणि पुढच्या भागाचे तीन. पानावर हे सहा कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे बरेच जण तीनवर थांबून जाळी सुरू करतात.

ही वीण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची, ‘ओल्ड शेल’ नावानं ओळखली जाणारी. तिला काही नमुन्यांत ‘फेदर अँड फॅन’ही म्हणतात. जिथे सहा जोड्या लागोपाठ येतात तिथे विणकाम आखडतं आणि जिथे सहा वेढे पडतात तिथे पसरतं, म्हणून सरळ घातलेल्या टाक्यांचा काठ आठ-दहा ओळींतच आपोआप लाटांसारखा होतो. शेवटी टाके सैल बंद करायला सांगितलंय ते याचसाठी. घट्ट बंद केलेत तर सुरुवातीच्या टोकाला लाटा दिसतील आणि शेवटचं टोक ताणलेल्या नाडीसारखं सरळ राहील. हात घट्ट असेल तर टाके बंद करण्यापुरती उजव्या हातात ७ नंबरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची सुई घ्या.