बुक व्हॅल्यूखाली मिळणारा शेअर आणि मागच्या नोट्स

प्रश्न: "शेअर बुक व्हॅल्यूच्या खाली मिळतोय, कर्जही फार नाही. तरी वार्षिक अहवालाच्या मागच्या भागातल्या सगळ्या नोट्स वाचायलाच लागतात का?"

सगळ्या नाही वाचल्या तरी चालेल, पण गुडविल, इन्टॅन्जिबल आणि कंटिंजंट लायबिलिटी या तीन वाचल्याशिवाय पैसे घालू नका.

समजा नेटवर्थ १००० कोटी आहे आणि त्यात ४०० कोटी गुडविल. म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे, जे वेगळे काढून विकता येत नाहीत. आयएफआरएसमध्ये गुडविल दरवर्षी थोडं थोडं कमी करत नाहीत, वर्षातून निदान एकदा इम्पेअरमेंट टेस्ट करतात, त्यामुळे सगळी भिस्त त्या टेस्टमधल्या गृहीतकांवर असते.

ती नोटमध्ये दिलेली असतात, तिथे डिस्काउंट रेट आणि शेवटचा ग्रोथ रेट बघा. समजा घेतलेल्या धंद्यातून पुढच्या वर्षी ४९ कोटी कॅश येणार, रेट १२ टक्के, ग्रोथ ५ टक्के. सोप्या हिशोबाने ४९ भागिले ७ टक्के, म्हणजे किंमत ७०० कोटी. पुस्तकात तो धंदा गुडविल धरून ६६० ला आहे, म्हणून टेस्ट पास. आता रेट फक्त १३ करा, ४९ भागिले ८ टक्के, ६१२ च्या आसपास. गेले की ४८ कोटी, आणि ते पहिल्यांदा गुडविलमधूनच कापले जातात आणि एकदा कापलेलं गुडविल पुन्हा वाढवता येत नाही. धंदा मंदावलाय आणि ग्रोथ रेट मात्र मागच्या वर्षीचाच ठेवलाय, असं दिसलं की मी तरी गुडविल शून्य धरूनच नेटवर्थ काढतो.

इन्टॅन्जिबलमध्ये एवढंच बघा की 'अंडर डेव्हलपमेंट'चा आकडा वर्षानुवर्षं फुगतोय आणि प्रॉडक्ट काही बाजारात येत नाहीये का, कारण तसं असेल तर तो खर्च नफ्यातून वजा व्हायचा राहिलाय.

कंटिंजंट लायबिलिटी बॅलन्सशीटमध्ये नसतेच. पैसे जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली तर प्रोव्हिजन करतात, त्याहून कमी वाटली तर फक्त नोट, आणि ही शक्यता ठरवणार मॅनेजमेंट. समजा टॅक्सची डिमांड मागच्या वर्षी १८० होती, आता ३०० झाली. नवीन केस आली, की जुनीच खालच्या अपिलात हरले, हे शोधा, कारण हरल्यावरही प्रोव्हिजन शून्यच असेल तर गडबड वाटते. त्या वादापोटी आधीच भरलेली रक्कम कधीकधी 'इतर मालमत्ता'मध्ये बसलेली असते, केस गेली की तीही जाते, तीही तपासा.

अजून एक, उपकंपनीच्या कर्जाला दिलेली गॅरंटी कन्सॉलिडेटेडच्या या नोटमध्ये दिसत नाही, कारण ते कर्जच तिथे लायबिलिटीत आलेलं असतं. तिच्यासाठी स्टँडअलोनची नोट उघडा. असोसिएट किंवा जॉइंट व्हेंचरला दिलेली गॅरंटी मात्र कन्सॉलिडेटेडमध्येही बघा, कारण त्यांचं कर्ज तिथे धरलेलंच नसतं.